टाइमशीट आणि बिलांची आठवण कशी करायची: "गाईज प्लीज" पासून पक्क्या कट-ऑफपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पुण्यातल्या एका चाळीसेक जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत बिलिंग आणि अकाउंट्स बघते. म्हणजे महिनाअखेरीला सगळ्यांच्या मागे लागणारी बाई मीच. माझ्यासारखंच काम करणारे बरेच जण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं.

ग्रुपवर "गाईज, टाइमशीट प्लीज 🙏" टाकलं की काम होतं की. मग बदलायचं कशाला?

होतं, पण कोणाचं होतं ते एकदा बघा. ज्यांनी आधीच भरलंय ते अंगठा दाखवतात, जे भरणारच होते ते भरतात, आणि ज्या पाच-सहा जणांसाठी मेसेज होता त्यांना तो स्वतःसाठी आहे असं वाटतच नाही. गाईज म्हणजे कोणीच नाही. लग्नात "कोणीतरी पाणी आणा रे" म्हटल्यावर जे होतं तेच.

दुसरा घोळ जास्त वाईट. पहिला मेसेज गोड असतो, दुसरा पण गोड, तिसऱ्याला आपलं डोकं फिरलेलं असतं आणि मग आपण लिहितो "शेवटचं सांगतेय, आता मला विचारू नका". गोड आणि चिडलेलं यांच्या मधलं काहीच आपल्याकडे नसतं, आणि समोरच्यालाही एव्हाना कळलेलं असतं की ही चिडेपर्यंत वेळ आहे. म्हणजे तुमचा राग हीच त्यांची खरी कट-ऑफ झालेली असते. ती तारीख कॅलेंडरवर आणून ठेवली की राग लागत नाही, एवढंच करायचंय.

कट-ऑफ तारीख ठरवायची कशी? मी आपलं महिन्याची १ किंवा २ तारीख सांगते.

उलटं मोजायचं. तुमच्या हातात नसलेली शेवटची तारीख कुठली ते आधी शोधा आणि तिथून मागे या.

जुलै २०२५ चं उदाहरण घेते. आमच्या एका क्लायंटला तासांवर बिल जातं आणि त्यांच्या पोर्टलवर महिन्याचं इनव्हॉइस पुढच्या महिन्याच्या चौथ्या वर्किंग डेपर्यंतच चढवता येतं, म्हणजे ऑगस्टमध्ये बुधवार ६ तारीख. इनव्हॉइस बनवून एकदा तपासायला मला मंगळवार लागतो. त्याआधी प्रोजेक्ट मॅनेजरने तास अप्रूव्ह करायचे, त्याला सोमवार ४ तारीख. म्हणजे लोकांचे तास माझ्याकडे शुक्रवार १ ऑगस्टला संध्याकाळी ५ पर्यंत आले पाहिजेत. ३१ जुलैला गुरुवार होता, त्यामुळे शेवटच्या दिवसाचे तास शुक्रवारी सकाळी भरायला वेळ मिळतो. एवढं साधं आहे, पण हे मोजल्यामुळे कोणी विचारलं "शुक्रवारच का, सोमवारी दिलं तर काय होतं" तर माझ्याकडे उत्तर असतं: सोमवारचा दिवस मॅनेजरचा आहे.

दर महिन्याला बोटं मोजायची नसतील तर शीटमध्ये ए१ ला महिन्याची कुठलीही तारीख टाका, आणि शेजारी हे:

```
=WORKDAY(EOMONTH(A1,0),1,Holidays!A:A)
```

महिना संपल्यानंतरचा पहिला वर्किंग डे येतो. Holidays नावाच्या टॅबवर सुट्ट्यांच्या तारखा भरलेल्या पाहिजेत, नाहीतर १ मेलाही ऑफिस चालू धरेल. हे सूत्र शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतं. तुमच्याकडे फक्त दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असेल तर खालचं वापरा आणि ते दोन शनिवार सुट्ट्यांच्या यादीत टाका:

```
=WORKDAY.INTL(EOMONTH(A1,0),1,"0000001",Holidays!A:A)
```

थोडी आधीची खोटी तारीख सांगून बफर ठेवला तर? म्हणजे ३ ला हवं असेल तर १ सांगायची.

नका करू, खरंच. मी वर्षभर केलं. पहिले दोन महिने चाललं, तिसऱ्या महिन्यात एकाने २ तारखेला दिलं आणि मी घेतलं (घेणारच, खरी तारीख ३ होती ना), चौथ्या महिन्यात जेवताना सगळ्यांना माहीत होतं की "तिची १ म्हणजे ३". मग मी ३० सांगायला लागले. याला अंत नाही.

बफर ठेवायचा असेल तर तो स्वतःच्या कामात ठेवा, लोकांच्या तारखेत नको. वरच्या उदाहरणात माझा मंगळवार अख्खा दिवस आहे, खरं काम अर्ध्या दिवसाचं आहे. तो अर्धा दिवस माझा बफर, आणि त्याबद्दल मी कोणाला सांगत नाही (इथे सांगितलं, असो).

मेसेजमध्ये नेमकं काय लिहायचं? माझं एकतर फार लांब होतं नाहीतर फार तुटक.

आधी जुना मेसेज, माझाच आहे:

> हाय ऑल, जुलैच्या टाइमशीट्स बऱ्याच पेंडिंग आहेत, जमलं तर लवकरात लवकर भरून टाका प्लीज, बिलिंग अडकलंय 🙏🙏

आणि आता जातो तो, एकेकाला वेगळा:

> हाय ____, जुलैच्या टाइमशीटमध्ये तुझे २९, ३० आणि ३१ तारखेचे तास रिकामे दिसतायत. शुक्रवार १ ऑगस्ट, संध्याकाळी ५ पर्यंत भरशील का? ५ नंतर जुलैची शीट लॉक होऊन अप्रूव्हलला जाते, राहिलेले तास मग ऑगस्टच्या बिलात घ्यावे लागतात. काही अडत असेल तर आज मला कळव, बघू.

यात काय काय आहे बघा. नेमकं काय राहिलंय (टाइमशीट नाही, तीन दिवसांचे तास), कधीपर्यंत (वार, तारीख, वेळ, तिन्ही), त्यानंतर काय होतं, आणि अडचण असेल तर काय करायचं. पाचवी गोष्ट मुद्दाम नाहीये: आपल्याला किती त्रास होतोय ते. "माझं सगळं अडकलंय", "मला रात्री बसावं लागतं" हे खरं असतं हो, पण ते लिहिलं की समोरचा सॉरी म्हणतो आणि त्याला वाटतं सॉरी म्हटलं म्हणजे काम झालं.

रिकामे दिवस नेमके लिहिणं हे सगळ्यात जास्त लागू पडतं असा माझा अनुभव. "टाइमशीट पेंडिंग" म्हटलं की माणसाला अख्खा महिना आठवायचा डोंगर दिसतो आणि तो पुढे ढकलतो, तीन दिवस म्हटलं की चहा येईपर्यंत भरून होतं.

ऑफिसचे मेल इंग्रजीत जात असतील तरी सांगाडा हाच ठेवा.

भाषा नम्र ठेवायची म्हटली की मेसेज मिळमिळीत होतो. काय करू?

मिळमिळीत "कृपया" मुळे होत नाही, ते "जमलं तर", "जरा", "वेळ मिळाला की", "बघ ना" मुळे होतं. हे शब्द आपल्या तोंडात इतके बसलेत की लिहिताना कळत पण नाही. "जमलं तर शुक्रवारपर्यंत" याचा अर्थ नाही जमलं तर चालेल असाच होतो, आणि समोरच्याने तसा घेतला तर त्याची चूक नाही. म्हणून मी एक नियम ठेवलाय, विनवणी कामाबद्दल करायची, तारखेबद्दल नाही. "भरशील का" चालेल, "शुक्रवारपर्यंत चालेल का" नाही.

आणि "लवकरात लवकर" ही तारीख नाही. "आजच्या आज" पण नाही, कारण काही लोकांचा आज रात्री दीडला संपतो. "सोमवारपर्यंत" मध्ये सोमवार धरायचा की नाही यावर आमच्याकडे खरोखर वाद झालाय. आणि "परवा" तर कधीच लिहू नका, एकाने तो मेसेज दोन दिवसांनी वाचला आणि मला म्हणतो परवा तर होऊन गेला ना. परवा आपल्याकडे दोन्ही बाजूंना असतो, काय बोलणार.

टोमणे नकोत. "काही लोकांना वेगळं निमंत्रण लागतं वाटतं" असं लिहिलं की ज्यांच्यासाठी आहे ते सोडून बाकी सगळ्यांना लागतं. अरे-तुरे की अहो-जाहो हे रोज जसं बोलता तसंच ठेवा. एरवी "तू" म्हणणाऱ्याला अचानक "आपण कृपया नोंद घ्यावी" गेलं की तो आधी मला फोन करून विचारतो काय झालं, रागावलीस का.

किती वेळा आठवण करायची? दोनदा केलं तरी मलाच कसंतरी वाटतं.

कसंतरी वाटतं कारण दर वेळी आपण ठरवत असतो की आता करू का नको. वेळा आधीच ठरलेल्या असल्या की तो प्रश्न उरत नाही, आणि लोकांनाही ते वैयक्तिक वाटत नाही. जुलैच्या बाबतीत माझे हे गेले:

सोमवार २८ तारखेला ग्रुपवर एकच, सगळ्यांसाठी, तारीख सांगणारा. हा आठवण नाही, सूचना आहे, कोणी काही चुकवलेलं नाहीये अजून. मग गुरुवारी ३१ ला दुपारी फक्त ज्यांचे दिवस रिकामे त्यांना, एकेकट्याला, वर दिलाय तसा. मग शुक्रवारी सकाळी साडेअकराला, अजूनही राहिलेल्यांना, दोन ओळी:

> हाय ____, कालच्या मेसेजबद्दल. २९ ते ३१ अजून रिकामे आहेत, आज ५ ला शीट लॉक होतेय. दुपारी जेवणाआधी भरून टाकशील का?

बास. ४ वाजता, साडेचारला, पावणेपाचला परत परत पाठवायचं नाही. मी आधी शेवटच्या तासात फोन करत बसायचे, आणि मग लोक त्या फोनचीच वाट बघायला लागले.

पाच वाजून गेल्यावर चौथा मेसेज जातो, आणि हा बहुतेक जण पाठवतच नाहीत:

> हाय ____, जुलैची शीट ५ वाजता लॉक झाली. तुझे २९ ते ३१ चे २४ तास त्यात आले नाहीत, ते ऑगस्टच्या बिलात घेऊ. ऑगस्टच्या शीटमध्ये वेगळी ओळ टाकून ठेवलीये, बुधवारपर्यंत भरलेस की झालं.

यात राग नाही, ओरडा नाही, जे सांगितलं होतं ते झालं एवढंच आहे. पुढच्या महिन्याचं निम्मं काम हा मेसेज करतो.

(शुक्रवारी सकाळी पाठवायचे मेसेज मी गुरुवारीच लिहून शेड्यूल करून ठेवते, जीमेलमध्ये सोय आहे. फक्त पाठवायच्या आधी यादी परत बघा. ज्याने रात्री भरलंय त्याला सकाळी आठवण गेली की तो पुढच्या वेळी मनावर घेत नाही.)

कोणाचं राहिलंय ते शोधण्यातच माझा तास जातो.

सगळ्यांची यादी एका टॅबवर, भरलेल्यांची Filled नावाच्या दुसऱ्या टॅबवर, आणि:

```
=FILTER(A2:A41, COUNTIF(Filled!A:A, A2:A41)=0)
```

नावं नका वापरू, एम्प्लॉयी कोड वापरा, कारण नावाच्या शेवटी एक स्पेस जास्त पडली तरी भरलेला माणूस न भरलेल्यात येतो आणि मग त्याचं ऐकून घ्यावं लागतं. सगळ्यांनी भरलं की गूगल शीटमध्ये इथे `#N/A` दिसतं. महिन्यातला हा एकच एरर मला आवडतो.

खर्चाच्या बिलांना पण हेच सगळं लागू का?

बरंचसं, पण एक मोठा फरक आहे. टाइमशीट उशिरा आली तर नुकसान कंपनीचं, बिल उशिरा आलं तर पैसे त्या माणसाचेच अडकतात. म्हणून लोकांना वाटतं की माझे पैसे, मी बघीन. आणि आपल्यालाही मागे लागायला ऑकवर्ड होतं. पण खर्च ज्या महिन्याचा त्या महिन्यात दिसला नाही तर हिशेब चुकतो, आणि क्लायंटकडून वसूल करायचा प्रवासखर्च असेल तर तो त्या इनव्हॉइसमध्ये जायला हवा, म्हणून तारीख लागतेच.

आमच्याकडे क्लेमचं पेमेंट महिन्यातून एकदा निघतं, २५ तारखेला. त्यासाठी बिलं २० च्या संध्याकाळी ५ पर्यंत. नंतर आलेलं पुढच्या २५ ला. रिमाइंडरमध्ये मी हेच पुढे ठेवते:

> हाय ____, बंगळुरूच्या ट्रिपच्या क्लेममध्ये हॉटेलचं बिल आणि १६ तारखेच्या टॅक्सीची पावती नाहीये, बाकी सगळं आलं. बुधवार २० तारीख संध्याकाळी ५ पर्यंत मिळालं तर पूर्ण रक्कम २५ ला तुझ्या खात्यात येईल. नाहीतर आलेल्या बिलांचे पैसे २५ ला आणि या दोनचे सप्टेंबरच्या २५ ला.

म्हणजे दोन पावत्यांसाठी अख्खा क्लेम अडवायचा नाही. आधी आम्ही अडवायचो, आणि १८० रुपयांच्या रिक्षासाठी एकाचे साडेनऊ हजार दीड महिना राहिले होते. तो चिडला ते बरोबरच होतं.

बिल मागितलं की लोक काहीही पाठवतात. युपीआयचा स्क्रीनशॉट, बोर्डिंग पास...

हो, आणि त्याला अर्धे आपण जबाबदार, कारण आपण "रिसीट पाठव" एवढंच लिहितो. त्याने युपीआयचा स्क्रीनशॉट पाठवला, त्याच्या मते झालं. त्या स्क्रीनशॉटवरून पैसे गेले एवढं कळतं, कशासाठी गेले ते नाही. म्हणून रिमाइंडरमध्ये काय चालेल ते लिहा. विमानप्रवासाला एअरलाइनच्या साइटवरून डाउनलोड होणारं जीएसटी इनव्हॉइस लागतं, तिकीट किंवा बोर्डिंग पास नाही. हॉटेलला चेकआउटचं फायनल बिल लागतं, बुकिंग कन्फर्मेशन नाही. टॅक्सीला ॲपमधून मेलवर आलेली पावती.

कंपनीचा जीएसटी नंबर बिलावर नसेल तर त्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, आणि नंतर नंबर टाकून घेणं म्हणजे डोकेदुखी, त्यामुळे हे ट्रिपच्या आधी सांगायचं, ट्रिप झाल्यावरच्या आठवणीत सांगून काही उपयोग नाही.

पण इथे एक सांगते, रिमाइंडरला वजन यावं म्हणून "आज बिल दिलं नाहीस तर जीएसटीचं क्रेडिट जाईल" असं लिहू नका. महिना चुकला म्हणून क्रेडिट लगेच जात नाही, आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, ते घेता येतं. आणि बंगळुरूच्या हॉटेलच्या बिलावर कर्नाटकचा सीजीएसटी-एसजीएसटी लागतो, कंपनीचं रजिस्ट्रेशन फक्त महाराष्ट्रात असेल तर त्याचं क्रेडिट तसंही मिळत नाही. एखाद्याने सीएला विचारलं आणि तुमचं कारण खोटं निघालं की पुढची सगळी खरी कारणंही गेली. खरं कारण पुरेसं असतं: २० नंतर आलेलं पुढच्या पेमेंटमध्ये.

पेट्रोल पंप आणि टोलच्या थर्मल कागदाच्या पावत्या पाकिटात राहिल्या की उडतात, दोन महिन्यांनी कोरा कागद हातात येतो. त्यासाठी आमच्या ट्रिपच्या मेलमध्ये एकच ओळ असते, पावती मिळाली की तिथेच फोटो काढून ठेवा. आणि हरवलीच तर? एका ठरलेल्या रकमेपर्यंत (आमच्याकडे ५०० रुपये) स्वतःच्या सहीचं कारण लिहून दिलेलं चालतं, त्यावर मॅनेजरची मंजुरी. ही सोय रिमाइंडरमध्ये सांगा, कारण हरवलेली पावती लपवायला म्हणून माणूस अख्खा क्लेमच टाळत असतो असं बरेचदा निघतं.

न भरणाऱ्यांची नावं ग्रुपवर टाकली तर पटकन होतं. टाकू का?

पटकन होतं हे खरं आहे, एकदा. मी टाकली होती, सहा नावं, त्यातल्या एकाचे वडील हॉस्पिटलमध्ये होते आणि तो आठवडाभर रजेवर होता, ग्रुपमध्ये ते सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. त्यानंतर नाही.

आकडा टाका हवं तर. "४० पैकी ३४ झाल्या, उद्या ५ ला लॉक" याने ज्याचं राहिलंय त्याला कळतं आणि बाकीच्यांना नाही. आणि मेल एकाच वेळी सगळ्या राहिलेल्यांना पाठवायचा असेल तर नावं बीसीसीत टाका, नाहीतर तीच यादी झाली.

"टाइमशीट भरली नाही तर पगार होल्ड" असं लिहा असं वरून सांगितलंय.

लिहू नका, आणि वरच्यांनाही सांगा. पगार कधी द्यायचा आणि त्यातून काय कापता येतं हे कायद्याने ठरलेलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो, आणि फॉर्म भरला नाही म्हणून केलेलं काम बिनपगारी होत नाही. शिवाय ही धमकी कोणी खरी करत नाही. दोन महिने लिहून पगार वेळेत झाला की तिसऱ्या महिन्यात त्या ओळीला कोणी विचारत नाही.

परिणाम असा लिहा जो आपोआप होतो आणि तुम्ही खरंच होऊ देणार आहात. शीट लॉक होते. क्लेम पुढच्या महिन्यात जातो. हे बोअरिंग आहे, पण दर वेळी तसंच होतं म्हणून लोक ते धरून चालतात.

कट-ऑफनंतर अर्ध्या तासाने कोणी पाठवलं तर खरंच घ्यायचं नाही? फार कडक वाटतं.

वाटतं. जुलैमध्ये हेच झालं. आमच्या एका सिनियर डेव्हलपरने साडेपाचला मेसेज केला, "भरतोय आता, उघडून दे ना दोन मिनिटं". तीन दिवसांचे २४ तास, ताशी १५०० ने ३६,००० रुपयांचं बिल. मोह कोणालाही होईल.

मी उघडलं नाही. त्याला लिहिलं की जुलै लॉक झालाय, ऑगस्टमध्ये ओळ टाकलीये. तो थोडा वैतागला, मॅनेजरकडे गेला, मॅनेजरने मला विचारलं, मी म्हटलं चालेल की, तुम्ही मेलवर लिहून द्या की हा अपवाद करा, मी आत्ता उघडते. मॅनेजरने नाही लिहून दिलं. ते ३६,००० ऑगस्टच्या इनव्हॉइसमध्ये गेले, क्लायंट ४५ दिवसांनी पैसे देतो म्हणजे आमच्याकडे ते महिनाभर उशिरा आले. हे नुकसान आहे आणि ते मी मान्य करते. ऑगस्टची शीट लॉक होताना त्याचा एकही दिवस रिकामा नव्हता.

पण हे कधी करू नये ते पण सांगते. प्रोजेक्टचा शेवटचा महिना असेल आणि पुढचं बिलच निघणार नसेल, किंवा क्लायंटची पीओ त्या महिन्यात संपत असेल, तर ते तास पुढे ढकलता येत नाहीत, कायमचे जातात. तिथे लॉक-बिक विसरा, माणसाच्या डेस्कवर जाऊन उभं राहा. अपवाद असावेत, फक्त ते कोणी मंजूर केले ते लिहिलेलं असावं आणि ते नाव तुमचं नसावं.

डायरेक्टर साहेबच बिलं देत नाहीत. त्यांना कट-ऑफ कसं सांगणार?

सांगायचंच, पण मेसेजचं वजन बदला. त्यांच्याकडे वेळ नसतो, त्यामुळे त्यांना काय करायचंय ते जितकं कमी कराल तितकं बरं. मी कार्डाच्या स्टेटमेंटमधून ओळी काढून पाठवते:

> सर, जुलैच्या कार्ड स्टेटमेंटमधल्या चार खर्चांची बिलं लागतील: ३, ११, १२ आणि २४ तारीख. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत तरी चालेल, बाकी मी लावते. बुधवार २० तारीख, संध्याकाळी ५ पर्यंत मिळाली तर जुलै बंद करता येईल. जे मिळणार नाही ते तुमच्या नावावर येणं म्हणून दाखवून ठेवते, बिल आलं की काढते.

ती शेवटची ओळ महत्त्वाची. बिल नसलेला कार्डचा खर्च कंपनीच्या खर्चात न घेता त्यांच्याकडून येणं म्हणून ठेवायचा, हे आधी सीएशी बोलून ठरवून घ्या, मनाने करू नका. एकदा ठरलं की मग तुम्ही सरांच्या मागे लागत नाही, लेजर लागतं.

लोकांनी वेळेत भरलं पण मॅनेजर अप्रूव्हच करत नाही, तेव्हा?

मग रिमाइंडर चुकीच्या माणसाला जातोय. मी बराच काळ टीमच्या मागे लागत होते आणि शीट्स मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये पडलेल्या असायच्या. त्यांना वेगळी तारीख द्या (वरच्या उदाहरणात सोमवार ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५) आणि मेसेजमध्ये किती शीट्स, किती तास, किती रुपयांचं बिल थांबलंय ते लिहा. मॅनेजरला "सात शीट्स पेंडिंग" ने काही होत नाही, "तुमच्या प्रोजेक्टचं ८ लाखांचं बिल उद्या निघू शकत नाही" ने होतं.

मार्चमध्ये पण हेच वेळापत्रक?

मार्चला थोडं आधीपासून सुरू करा. ३१ मार्चला वर्ष बंद होतं, त्यामुळे "पुढच्या महिन्यात घेऊ" हे उत्तर तेव्हा इतकं सोपं नसतं, राहिलेल्या खर्चाची तरतूद करून ठेवावी लागते आणि त्यासाठी निदान आकडा तरी हवा असतो. म्हणून मार्चच्या मेसेजमध्ये मी दोन गोष्टी मागते: २५ तारखेपर्यंत हातात असलेली सगळी बिलं, आणि जे बिल अजून आलेलं नाही त्याची अंदाजे रक्कम, ३० ला दुपारी १२ पर्यंत. अंदाजे रक्कम सांगायला कोणालाच जड जात नाही, आणि माझं बरचसं काम तेवढ्यावर होतं. बिल एप्रिलमध्ये आलं तरी चालतं मग.